कॅल्शियमची गोळी: बद्धकोष्ठता, मुतखड्याची भीती आणि घड्याळाचं गणित

सकाळी सहाला उठायचं, तोंड धुवायचं आणि गोळ्यांचा डबा उघडायचा. थायरॉइडची गोळी, ॲसिडिटीची गोळी, रक्तवाढीची लोहाची गोळी आणि हाडांसाठी कॅल्शियम. सगळ्या एकाच घोटात पोटात गेल्या की दिवसभर पुन्हा आठवण ठेवायला नको. अनेक घरांत पन्नाशी-साठीतल्या बायकांची सकाळ अशीच सुरू होते.

अडचण अशी की, यातली कॅल्शियमची गोळी शेजारच्या दोन गोळ्यांचं काम बिघडवते, तिसरी गोळी कॅल्शियमचंच काम बिघडवते आणि रिकाम्या पोटी घेतल्यामुळे कॅल्शियमही नीट अंगी लागत नाही. वर पोट साफ होत नाही ही तक्रार आणि 'कॅल्शियमने खडे होतात' हा मेसेज.

मग कॅल्शियमची गोळी घ्यायची की नाही? घ्यायची तर किती, कधी आणि कशासोबत? एका उदाहरणातून हे समजून घेऊ.

एक उदाहरण

समजा, नाशिकमधल्या ५८ वर्षांच्या एक बाई आहेत. पाळी जाऊन सहा-सात वर्षं झालीत. थायरॉइड कमी असल्यामुळे त्या गेली दहा वर्षं रोज सकाळी ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन घेतात आणि त्यांचा टीएसएच नेहमी २ ते ३ च्या आसपास असतो. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल सुरू आहे. हिमोग्लोबिन कमी आल्यामुळे लोहाची गोळीही आहे. चार वर्षांपूर्वी त्यांना एकदा मुतखड्याचा त्रास झाला होता.

सहा महिन्यांपूर्वी गुडघे आणि कंबर दुखते म्हणून त्यांनी शेजारणीच्या सांगण्यावरून कॅल्शियम सुरू केलं. ५०० च्या दोन गोळ्या, दोन्ही सकाळीच. आता तीन गोष्टी घडल्या आहेत. पोट दोन-दोन दिवस साफ होत नाही. टीएसएच ८ च्या वर गेला आहे. आणि मुतखडा पुन्हा होईल या भीतीने त्यांनी दूध-दही बंद केलं आहे.

या तिन्ही गोष्टींचं मूळ त्या सकाळच्या एका घोटात आहे.

गोळीवर १२५० लिहिलंय, मग ५०० कुठून आलं?

पहिल्यांदा पाकीट नीट वाचू. बहुतेक स्वस्त आणि सर्रास मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं. पाकिटावर 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम' आणि त्याखाली 'एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम' असं छापलेलं दिसतं. कार्बोनेटच्या वजनात प्रत्यक्ष कॅल्शियम फक्त ४० टक्के असतं, म्हणून १२५० चे ५०० होतात. शरीराच्या हिशोबात धरायचा तो हा 'एलिमेंटल' आकडा.

दुसरा प्रकार कॅल्शियम सायट्रेटचा. त्यात कॅल्शियमचं प्रमाण २१ टक्के असतं, त्यामुळे तेवढंच कॅल्शियम मिळवायला गोळी मोठी लागते किंवा जास्त गोळ्या लागतात, आणि किंमतही सहसा जास्त असते. पण त्याचा एक मोठा फायदा आहे, तो पुढे येईल.

बहुतेक गोळ्यांमध्ये व्हिटॅमिन डी-३ सुद्धा मिसळलेलं असतं, कारण आतड्यातून कॅल्शियम शोषायला ते लागतं.

आधी ताटातलं कॅल्शियम मोजा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्री-पुरुषांना दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पाळी गेलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी हा आकडा १,२०० आहे. पण ही गरज अन्न आणि गोळी दोन्ही मिळून आहे. इथेच बहुतेकांची चूक होते. '१,२०० लागतं' असं ऐकलं की लोक तेवढं सगळं गोळीतून घेऊ लागतात.

उदाहरणातल्या बाईंनी दूध-दही बंद करण्याआधीचं त्यांचं ताट पाहू. दोन वेळच्या चहात मिळून १०० मिली दूध, म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम. दुपारी एक वाटी दही, साधारण १८०. रात्री नाचणीची एक भाकरी, ५० ग्रॅम पिठाची, त्यातून आणखी १८०. जेवणात एक मोठा चमचा न सोललेल्या तिळाची चटणी, साधारण १२०. डाळ, भाज्या, पोळी मिळून १०० च्या आसपास. बेरीज होते ७००.

त्यांची गरज १,२००. म्हणजे कमी पडतात ५००. याचा अर्थ त्यांना दिवसाला एक गोळी पुरली असती. दुसरी गोळी जास्तीची होती.

दूध-दही बंद केल्यावर मात्र ताटातलं कॅल्शियम ४०० वर आलं. म्हणजे खड्याच्या भीतीने त्यांनी अन्नातलं कॅल्शियम काढलं आणि गोळीतलं चालू ठेवलं. हे नेमकं उलटं आहे. ते का, हे पुढे मुतखड्याच्या भागात पाहू.

हा हिशोब कोणालाही घरी करता येतो. दूध, दही, ताक, पनीर, नाचणी, तीळ, राजगिरा आणि काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, एवढ्याच गोष्टी मोजल्या तरी अंदाज येतो. बाकी सगळ्या जेवणातून मिळून १०० ते २०० मिलिग्रॅम धरायचं.

जेवणासोबत का?

कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे रासायनिकदृष्ट्या खडूच. तो विरघळायला आम्ल लागतं. पोटात सर्वात जास्त आम्ल सुटतं ते जेवताना. म्हणून कार्बोनेटची गोळी जेवताना किंवा जेवण झाल्या झाल्या घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली तर ती कमी शोषली जाते आणि काहींना पोटात जळजळ, फुगारा जाणवतो.

आता बाईंची पँटोप्राझोल आठवा. या गोळीचं कामच पोटातलं आम्ल कमी करण्याचं. म्हणजे एक गोळी आम्ल कमी करते आणि दुसरीला विरघळायला आम्ल हवं असतं. ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल यांचंही तसंच. अशी औषधं महिनोन्महिने चालू असतील तर डॉक्टर अनेकदा सायट्रेटकडे वळतात, कारण त्याला विरघळायला आम्लाची फारशी गरज नसते. ते जेवणासोबत किंवा जेवणाशिवाय, कसंही घेता येतं. हाच तो सायट्रेटचा फायदा. याच निमित्ताने डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारावा: ॲसिडिटीची गोळी अजून खरंच लागते का? काही आठवड्यांसाठी लिहून दिलेली ही गोळी लोक वर्षानुवर्षं घेत राहतात.

जेवणाइतकाच महत्त्वाचा दुसरा नियम आहे वाटून घेण्याचा. आतडं एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतचं कॅल्शियम चांगलं शोषतं. डोस वाढेल तसं शोषलं जाणारं प्रमाण घटतं. म्हणून डॉक्टरांनी दोन गोळ्या सांगितल्या असतील तर एक दुपारच्या जेवणासोबत आणि एक रात्रीच्या. दोन्ही एकदम घेऊन दुप्पट फायदा होत नाही.

थायरॉइडची गोळी आणि चार तासांचं अंतर

बाईंचा टीएसएच का वाढला? थायरॉइड आणखी बिघडला म्हणून नव्हे. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि त्यातलं काही थायरॉक्सिन रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. गोळी रोज घेतली जाते, पण शरीरापर्यंत पोचते कमी.

ही गोष्ट मोजून पाहिलेली आहे. अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २००० साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. थायरॉक्सिनवर स्थिर असलेल्या २० रुग्णांना तीन महिने थायरॉक्सिनसोबतच १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिलं गेलं. त्यांचा सरासरी टीएसएच १.६ वरून २.७ वर गेला आणि दर पाचांतल्या एकाचा टीएसएच सामान्य मर्यादेच्या बाहेर गेला. कॅल्शियम थांबवल्यावर आकडे पुन्हा खाली आले.

म्हणून या दोन गोळ्यांमध्ये किमान चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. लोहाच्या गोळीसाठीही हाच नियम आहे, कारण लोहसुद्धा थायरॉक्सिनला असंच अडवतं.

इथे खरा धोका पुढच्या पायरीवर असतो. ८ चा टीएसएच पाहून डॉक्टर साहजिकच डोस ७५ वरून १०० करायचा विचार करतील. रुग्णाने 'मी कॅल्शियम पण घेते' हे सांगितलं नाही, तर त्यांना ते कळणार कसं? कॅल्शियम अनेकदा चिठ्ठीशिवाय आणलेलं असतं आणि ते 'औषध' आहे असं कोणाला वाटतच नाही. मग डोस वाढतो. पुढे कधीतरी कॅल्शियमची वेळ बदलली किंवा ते बंद झालं, की तोच १०० चा डोस जास्त होतो. छातीत धडधड, घाम, झोप न लागणं सुरू होतं. आणि पाळी गेलेल्या स्त्रीच्या शरीरात थायरॉक्सिन दीर्घकाळ जास्त राहिलं तर हाडं ठिसूळ होतात. म्हणजे हाडांसाठी सुरू केलेली गोळी फिरून हाडांवरच उलटू शकते.

बाईंच्या बाबतीत योग्य क्रम असा: डॉक्टरांना सगळ्या गोळ्या वेळेसह सांगायच्या, डोस तोच ठेवून आधी अंतर पाळायचं आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचा. तो खाली आला तर दोष वेळेचा होता. नाही आला तर मग डोसचा विचार.

आणखी कोणत्या औषधांपासून दूर?

कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर लोह कमी शोषलं जातं. दोघांत दोन तास तरी जाऊ द्यावेत. गरोदर स्त्रियांना सरकारी आरोग्य केंद्रांतून लोह-फॉलिक ॲसिड आणि कॅल्शियम या दोन्ही गोळ्या मिळतात, त्यांच्यासाठी हे विशेष महत्त्वाचं आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या सांगितल्या आहेत. दोन्ही जेवणासोबत, वेगवेगळ्या वेळी, आणि लोहाच्या गोळीसोबत नाही. घरी आणल्यावर दोन्ही पाकिटं एकाच डब्यात जातात आणि एकाच वेळी पोटात जातात, हीच चूक टाळायची.

काही अँटिबायोटिक्सही कॅल्शियमला चिकटतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लिन ही त्यातली नेहमीची नावं. इथे प्रश्न फक्त फायदा कमी होण्याचा नसतो, संसर्ग बरा न होण्याचा असतो. अँटिबायोटिकचा कोर्स पाच-सात दिवसांचा असेल तर तेवढे दिवस कॅल्शियम थांबवायचं का, हे डॉक्टरांना विचारणं सगळ्यात सोपं. पाच दिवस कॅल्शियम चुकल्याने हाडांचं काही बिघडत नाही.

हाडांचा ठिसूळपणा रोखणारी ॲलेन्ड्रोनेटसारखी आठवड्याची गोळी असेल तर तिचे नियम आणखी कडक आहेत. सकाळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. त्या दिवशी कॅल्शियम थेट दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाला.

रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन चालू असेल, तर लघवीवाटे जाणारं कॅल्शियम कमी होतं आणि रक्तातलं वाढू शकतं. इथे अंतर ठेवून भागत नाही. कॅल्शियमचा डोस डॉक्टरांनीच ठरवायला हवा.

पोट साफ होत नाही, मग काय?

कॅल्शियम कार्बोनेटने काहींना बद्धकोष्ठता होते, फुगल्यासारखं वाटतं. सगळ्यांना होत नाही. पण ज्यांना होते, ते बहुतेकदा दोनपैकी एक गोष्ट करतात: गोळी पूर्ण बंद करतात, नाहीतर रोज रेचक घेऊ लागतात. त्याआधी करून पाहण्यासारख्या गोष्टी आहेत.

पहिला प्रश्न, डोस गरजेपेक्षा जास्त आहे का? बाईंच्या बाबतीत होता. दोनची एक गोळी झाली की न शोषलं गेलेलं, आतड्यात नुसतं पडून राहणारं कॅल्शियमही कमी होतं.

दुसरा प्रश्न, दोष नक्की कॅल्शियमचाच आहे का? लोहाची गोळीही पोट घट्ट करते आणि शौचाचा रंग काळसर करते. थायरॉइड कमी पडला तरी बद्धकोष्ठता होते. बाईंच्या बाबतीत ही तिन्ही कारणं एकत्र आली होती. अशा वेळी सगळं एकदम बदललं तर काय लागू पडलं ते कळत नाही. त्यामुळे आधी कॅल्शियमचा डोस आणि वेळ नीट करायची आणि दोन आठवडे पाहायचं. तरी त्रास राहिला तर कार्बोनेटऐवजी सायट्रेट घेऊन पाहावं का, हे डॉक्टरांना विचारायचं. अनेकांना ते पोटाला हलकं जातं.

सोबत पाणी, पालेभाजी-फळं आणि रोजचं चालणं हे आहेच. इसबगोल घ्यायचं असेल तर पूर्ण पेलाभर पाण्यासोबत घ्यावं आणि इतर औषधांपासून दोन तास लांब ठेवावं, कारण त्याचा लगदा औषधांनाही अडकवू शकतो.

बद्धकोष्ठतेचा एक प्रकार मात्र घरी हाताळायचा नाही. पोट घट्ट होण्यासोबत खूप तहान, वारंवार लघवी, मळमळ, भूक मरणं, गळून जाणं किंवा बोलण्यात गोंधळ दिसू लागला, तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. आपल्याकडे याचं एक नेहमीचं कारण म्हणजे व्हिटॅमिन डी-३ ची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल. ती सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांपुरती दिलेली असते. काही जण ती चुकून रोज घेतात किंवा कोर्स संपल्यावरही महिनोन्महिने चालू ठेवतात. अशी लक्षणं दिसली तर दोन्ही गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. रक्ताची साधी तपासणी पुरते. शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर त्याचं खापर कॅल्शियमवर फोडून थांबू नये.

मुतखडा: दूध बंद करणं उलटं का पडतं?

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. नावात कॅल्शियम आहे, म्हणून कॅल्शियम बंद केलं की खडा टळेल, हा तर्क पटकन पटतो. पण खड्यात दोन भागीदार आहेत आणि दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही.

ऑक्झॅलेट आपल्या अन्नातच असतं. पालक, बीट, अळू, सुकामेवा, चहा. अळूची पानं नीट शिजली नाहीत तर घसा खवखवतो, तो कॅल्शियम ऑक्झॅलेटच्याच सुईसारख्या स्फटिकांमुळे. जेवणात कॅल्शियम असेल तर पालकातलं ऑक्झॅलेट आतड्यातच कॅल्शियमला बांधलं जातं आणि शौचावाटे निघून जातं. जेवणात कॅल्शियम नसेल तर तेच ऑक्झॅलेट मोकळं राहतं, रक्तात शोषलं जातं आणि मूत्रपिंडातून लघवीत उतरतं. तिथे त्याला कॅल्शियम भेटलं की खडा. या हिशोबाने पालक-पनीर हा नुसत्या पालकापेक्षा सुरक्षित बेत ठरतो.

हे इटलीतल्या एका अभ्यासात स्पष्ट दिसलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांना पाच वर्षं दोन वेगवेगळे आहार दिले गेले. ६० जणांना कमी कॅल्शियमचा. उरलेल्या ६० जणांना नेहमीइतक्या कॅल्शियमचा, पण मीठ आणि मांसाहार कमी असलेला. कमी कॅल्शियमच्या गटात २३ जणांना पुन्हा खडा झाला. दुसऱ्या गटात १२ जणांना.

मग गोळीचं काय? तिथे चित्र वेगळं आहे. अमेरिकेत ३६ हजारांहून जास्त, पाळी गेलेल्या स्त्रियांवर सुमारे सात वर्षं चाललेली 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' ही चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट व्हिटॅमिन डी घेणाऱ्या गटात मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त होतं. प्रत्यक्ष संख्या पाहिली तर एका गटात ४४९ आणि दुसऱ्यात ३८१ स्त्रियांनी मुतखड्याची तक्रार नोंदवली, म्हणजे दोन्ही गटांत बहुतेकींना खडा झालाच नाही. शिवाय या स्त्रियांना आहार आणि स्वतःच्या गोळ्या मिळून आधीच दिवसाला सरासरी १,१०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम मिळत होतं. म्हणजे गरज भागलेली असताना वरून आणखी हजार.

त्याच चाचणीत हाडांना मिळालेला फायदाही माफक होता. खुब्याच्या हाडाची घनता सुमारे एक टक्क्याने जास्त राहिली, पण खुब्याचं हाड मोडण्याच्या प्रमाणात ठोस म्हणता येईल असा फरक दिसला नाही. यातून निघणारा अर्थ सरळ आहे. गोळी कमतरता भरून काढते. जिथे कमतरता नाही तिथे ती हाड आणखी मजबूत करत नाही, लघवीतलं कॅल्शियम मात्र वाढवू शकते. आणि बाईंची ज्यासाठी सुरुवात झाली होती, ती गुडघेदुखी बहुतेकदा सांध्याच्या झिजेची असते. तिच्यावर कॅल्शियम हा उपाय नाही.

अन्न आणि गोळी यांत फरक का पडतो, याचं एक स्पष्टीकरण पुन्हा वेळेशी येऊन थांबतं. अन्नातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सोबतच पोटात जातं आणि त्याला पकडतं. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीला पकडायला ऑक्झॅलेट नसतं. तिचं शोषलं गेलेलं कॅल्शियम थोड्या वेळाने लघवीत वाढतं, आणि पुढच्या जेवणातलं ऑक्झॅलेट मोकळंच राहतं. म्हणून खडा होऊन गेलेल्या माणसाला कॅल्शियम लागत असेल, तर जेवणासोबत, गरजेपुरतं आणि डॉक्टरांना सांगून. अशा रुग्णांत सायट्रेटला अनेकदा पसंती मिळते, कारण लघवीतलं सायट्रेट खडा जमू देत नाही.

खडा पडला असेल तर तो फेकू नये, तपासायला द्यावा. युरिक ॲसिडच्या खड्याचा कॅल्शियमशी संबंध नसतो. खडे पुन्हा पुन्हा होत असतील तर २४ तासांची लघवी गोळा करून त्यातलं कॅल्शियम, ऑक्झॅलेट आणि सायट्रेट मोजता येतं. गोळी घ्यावी की नाही, याचं उत्तर त्या अहवालात असतं.

आणि रोजच्या दोन गोष्टी. दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी, म्हणजे उन्हाळ्यात आणि शेतात राबणाऱ्यांना तीन लिटरपेक्षा बरंच जास्त प्यावं लागतं. आणि मीठ कमी, कारण शरीर जादा मीठ बाहेर टाकताना कॅल्शियमही लघवीत ओढून नेतं. खड्याच्या भीतीने दही सोडायचं आणि पापड-लोणचं चालू ठेवायचं, हा सौदा तोट्याचा आहे. मूत्रपिंड निकामी होत चाललं असेल किंवा हृदयासाठी पाण्यावर मर्यादा असेल, तर मात्र पाण्याचा आणि कॅल्शियमचा हिशोब पूर्णपणे डॉक्टरांचा.

मग आता डबा कसा भरायचा?

डॉक्टरांशी बोलून बाईंचं वेळापत्रक साधारण असं बसतं.

सकाळी ६: थायरॉक्सिन, फक्त साध्या पाण्यासोबत. चहा ७ नंतर.

सकाळी ८: पँटोप्राझोल, अजून लागत असेल तर. अर्ध्या तासाने नाश्ता.

सकाळी ११: लोहाची गोळी, लिंबूपाण्यासोबत. आधी-नंतर तासभर चहा नाही.

दुपारी १:३०: जेवण आणि वाटीभर दही. दही पुन्हा सुरू.

रात्री ८: जेवण आणि त्यासोबत कॅल्शियमची एकच गोळी.

रात्री १०: लागलं तर इसबगोल.

इथे थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांत १४ तास आहेत, लोह आणि कॅल्शियम यांत नऊ. कॅल्शियम रात्रीच घेतलं पाहिजे असं शास्त्र नाही. सकाळच्या गोळ्यांची गर्दी टाळायला रात्रीचं जेवण सोयीचं पडतं, एवढंच. हेच अंतर पाळून ते दुपारच्या जेवणासोबतही चालतं.

घरात हे पाळायचा सोपा मार्ग म्हणजे कॅल्शियमचं पाकीट गोळ्यांच्या डब्यातून काढून जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवणं. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना फक्त चिठ्ठी न नेता घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, शेजारणीने सुचवलेलीसुद्धा. प्रत्येक पाकिटावर ती किती वाजता घेतली जाते ते पेनाने लिहावं. टीएसएचच्या अहवालापेक्षा त्या लिहिलेल्या वेळांतून डॉक्टरांना कदाचित जास्त कळेल.